सर्व्हर बंद पडला त्यांचा, फसले मी

बसची चार तिकिटं काढायची होती. संध्याकाळी 7 वाजून 40 मिनिटांनी अॅपवर सीट निवडल्या, कार्डाची माहिती भरली, ओटीपी टाकला आणि स्क्रीनवर ते गोल चक्र फिरायला लागलं. फिरतच राहिलं. मधेच बँकेचा मेसेज येऊन धडकला, पैसे वजा झाले म्हणून. चक्र एकदाचं थांबलं तेव्हा खाली लाल अक्षरांत `Payment failed`. 'माझी तिकिटं' उघडून बघितलं तर तिथे शुकशुकाट. पुन्हा सीट बघायला गेले तर अॅपच उघडेना.

ग्राहक सेवेचा फोन सतत व्यस्त. अॅपमधली चॅटची खिडकी बंद. वीस मिनिटं असं झटापट करून झाल्यावर मी तेच केलं जे त्या वेळी शेकडो लोक करत होते. सोशल मीडियावर कंपनीला टॅग करून जाहीर तक्रार टाकली. सोबत स्क्रीनशॉट जोडला. त्यात बुकिंग क्रमांक होता, रक्कम होती, वेळ होती आणि बँकेच्या मेसेजमधले कार्डाचे शेवटचे चार आकडे होते. राग आला की माणूस पुरावे जरा जास्तच देतो.

पंधरा मिनिटांत इनबॉक्समध्ये उत्तर आलं. कंपनीचं बोधचिन्ह, कंपनीचं नाव, पुढे 'सहाय्यता' असा शब्द. मजकूर जवळजवळ जसाच्या तसा देते:

'प्रिय ग्राहक, आज संध्याकाळी आमच्या सर्व्हरमध्ये आलेल्या तांत्रिक बिघाडामुळे आपलं पेमेंट अयशस्वी झालं. आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. आपली रक्कम पूर्णपणे सुरक्षित आहे. आपल्या बुकिंगचा परतावा मंजूर झाला असून तो 30 मिनिटांत मिळवण्यासाठी खालील लिंकवर आपल्या कार्डाची पडताळणी करावी. वेळ उलटल्यास परतावा नेहमीच्या प्रक्रियेनुसार होईल.'

खाली माझा बुकिंग क्रमांक, रक्कम आणि कार्डाचे तेच चार आकडे. मला क्षणभरही शंका आली नाही. इतकं सगळं बाहेरच्या माणसाला कुठून कळणार? हे मी स्वतःच जगाला दाखवून ठेवलंय, हे डोक्यातच आलं नाही. कंपनीतून माहिती फुटायची गरजच नव्हती. भामटे तक्रारींच्या ढिगाखाली टपून बसले होते आणि एकेकाला त्याचीच माहिती परत वाचून दाखवत होते.

लिंक उघडली. पान हुबेहूब अॅपसारखं, पत्त्याशेजारी कुलूपही होतं. कार्डाचा पूर्ण क्रमांक, मुदत, मागचे तीन आकडे असं सगळं भरलं. ओटीपी आला. फोनने तो मेसेजमधून स्वतःच उचलून सुचवला, मी बोट ठेवलं. मेसेज उघडलासुद्धा नाही. पान म्हणालं, 'सर्व्हरवर ताण आहे, कृपया पुन्हा प्रयत्न करा.' आता बघा, एरवी मी इथे थबकले असते. पण संध्याकाळपासून सर्व्हर बंदच होता ना! बिघाड हीच त्या दिवशीची सगळ्यात विश्वासार्ह गोष्ट होती. मी निमूटपणे दुसरा ओटीपी दिला. या वेळी पानावर हिरवी खूण आली आणि 'परतावा प्रक्रियेत आहे' असं दिसलं.

नवऱ्याला सांगायला गेले, 'अहो, झालं एकदाचं काम.' तो म्हणाला, 'आले पैसे?' बघू म्हणून मेसेज उघडले. सगळ्यात वर बँकेचे दोन मेसेज, एकाखाली एक. दोन्ही पैसे गेल्याचे. पहिल्याची रक्कम तिकिटांच्या चौपट, दुसऱ्याची त्याहून मोठी. त्यांच्या खाली ओटीपीचे दोन मेसेज होते. त्यांत स्पष्ट लिहिलं होतं की हा ओटीपी अमुक दुकानातल्या अमुक रकमेच्या खरेदीसाठी आहे. 'खरेदी' हा शब्द तिथे होता, दुकानाचं नाव होतं, आकडा होता. फोनने आकडे सुचवायची सोय केली आणि मी ओळ वाचायची सोडून दिली.

पुढची चौदा मिनिटं नीट आठवत नाहीत. बँकेच्या अॅपमधून कार्ड बंद केलं, मग बँकेला फोन लावला, तक्रार क्रमांक घेतला. फोनवरच्या बाईंनी एक चांगली गोष्ट सांगितली. बँक चौकशी करेल तेव्हा करेल, पण मेसेजमध्ये ज्या दुकानांची नावं आहेत त्यांना तुम्हीही लगेच कळवा. पहिला व्यवहार गिफ्ट व्हाउचरचा होता. त्याचा कोड ईमेलवर जातो आणि लगेच वापरला जातो, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. दुसरी ऑर्डर मात्र एका ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या मोबाइलची होती आणि ती अजून पाठवली गेली नव्हती. बँकेच्या तक्रार क्रमांकासह रात्रीच मेल केला, सकाळी फोन केला, त्यांनी ऑर्डर रोखून धरली. हे नशीब म्हणायचं. वस्तू निघून गेली असती तर मी आज वेगळ्या सुरात लिहीत असते.

माझा भाचा पेमेंटच्याच क्षेत्रात काम करतो. दुसऱ्या दिवशी तो घरी आला, ओरडला नाही, कागद घेऊन बसला. त्याने जे समजावलं ते आधी माहीत असतं तर मी त्या लिंककडे ढुंकूनही बघितलं नसतं.

अॅप तुमच्यासाठी सीट काही मिनिटं राखून ठेवतं आणि तुम्हाला पैसे भरायच्या पानावर पाठवतं. ते पान बहुधा तिकीट कंपनीचं नसतं, मधल्या पेमेंट गेटवेचं असतं. तुम्ही ओटीपी दिला की बँक गेटवेला होकार देते. मग गेटवेने तिकिटाच्या सर्व्हरला निरोप द्यायचा असतो की या बुकिंगचे पैसे मिळाले, तिकीट पक्कं करा. आमच्या वेळी नेमका हा शेवटचा निरोप पोहोचला नाही, कारण घ्यायला पलीकडे सर्व्हरच जागेवर नव्हता. गेटवे पुन्हा पुन्हा निरोप पाठवत राहतो, पण तोवर सीट राखून ठेवायची मुदत संपते. पैसे गेले आणि तिकीट नाही, असं दिसतं ते यामुळे.

'मग पैसे गेले कुठे?' मी विचारलं.

'मावशी, कदाचित कुठेच गेलेले नसतील,' तो म्हणाला. बँकेने होकार देणं आणि पैसे प्रत्यक्ष उचलले जाणं ही दोन वेगळी पावलं आहेत. कंपनीने दुसरं पाऊल टाकलंच नाही तर रक्कम नुसती अडकून पडते आणि काही दिवसांनी बँक ती आपोआप मोकळी करते. आपल्याला मेसेज मात्र पैसे वजा झाल्यासारखाच आलेला असतो. आणि रक्कम उचलली गेली असेल तर कंपनी गेटवेला परताव्याचा आदेश देते. त्या आदेशात काय लागतं, हे त्याने कागदावर लिहून दाखवलं. जुन्या व्यवहाराचा क्रमांक आणि रक्कम. बस्स. कार्डाचा क्रमांक त्यात नाहीच, कारण तो जुन्या व्यवहाराशी आधीच जोडलेला असतो. ओटीपीचा तर प्रश्नच येत नाही, कारण तो पैसे बाहेर जाताना मागितला जातो.

म्हणजे परतावा द्यायला ज्यांना खरंच अधिकार आहे, त्यांना माझ्या कार्डाच्या माहितीची गरजच नव्हती. गरज होती ती फक्त चोराला.

लिंकचा पत्ताही त्याने वाचायला शिकवला. खरी नावं देत नाही, पण नमुना असा:

```
https://help.tikit.example/status
https://tikit-refund.example/status
```

दोन्हींत कंपनीचं नाव दिसतं. पण `https://` नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेपाशी थांबायचं आणि तिथून डावीकडे वाचत यायचं. पहिल्यात शेवटचे दोन तुकडे `tikit.example`, म्हणजे कंपनीचा स्वतःचा पत्ता आणि `help` ही त्यातली एक खोली. दुसऱ्यात `tikit-refund.example` हे सलग एक वेगळंच नाव आहे, जे कोणीही विकत घेऊ शकतो. (काही पत्त्यांच्या शेवटी `co.in` सारखी जोडी असते, तिथे एक तुकडा आणखी डावीकडे जायचं.) आणि कुलपाचा अर्थ एवढाच की तुमची माहिती वाटेत कोणी वाचणार नाही. पलीकडे बसलेला चोर असेल तर ती त्याच्याकडे सुखरूप पोहोचते.

खरं माफीपत्र दुसऱ्या दिवशी सकाळी 11 वाजता आलं, अॅपमध्ये आणि ईमेलवर. ते वाचून मला हसावं की रडावं कळेना. इतकं रुक्ष! सेवा संध्याकाळी 7:42 ते 9:10 या वेळेत बंद होती. त्या काळात पैसे कापले गेले पण तिकीट मिळालं नाही अशा बुकिंगचा परतावा मूळ खात्यात 5 ते 7 कामकाजाच्या दिवसांत जमा होईल. ग्राहकांनी काहीही करायची गरज नाही. क्षमस्व. माझं नाव नाही, रक्कम नाही, लिंक नाही, घाई नाही. चोराचं पत्र याहून कितीतरी आपुलकीचं होतं. त्याने माझ्या मनस्तापाची दखल घेतली होती आणि अर्ध्या तासात पैसे देऊ केले होते.

कंपनीवर माझा राग एकाच गोष्टीसाठी आहे. अॅप रात्री 9:10 ला सुरू झालं होतं. 'काहीही करायची गरज नाही' हे एक वाक्य त्यांनी तेव्हाच, निदान त्यांच्या जाहीर खात्यावर तरी टाकलं असतं, आणि कोणी कार्डाची माहिती मागितली तर ते आम्ही नव्हे एवढं जोडलं असतं, तर काही लोक वाचले असते. मी वाचले नसते, माझं सगळं 8:40 पर्यंत उरकलं होतं. पण तक्रारींखाली त्या खोट्या खात्याची उत्तरं मध्यरात्रीपर्यंत पडत होती, ती मी नंतर बघितली.

व्हाउचरच्या पैशांचा दावा बँकेने अजून निकाली काढलेला नाही. ओटीपी तुम्ही स्वतः दिलात, हे त्यांचं म्हणणं, आणि ते खोडून काढणं सोपं नाही. मोबाइलचे पैसे नवव्या दिवशी परत आले. मधे मला वेगळीच धास्ती होती की कार्डच बंद केलं, तर तिकिटांचा परतावा कुठे येणार? बँकेने सांगितलं की डेबिट कार्ड बंद असलं तरी ते ज्या खात्याशी जोडलेलं होतं, त्या खात्यात रक्कम येते.

तशी ती सहाव्या दिवशी आली, पूर्ण. पासबुकात त्या ओळीपुढे मूळ व्यवहाराचाच क्रमांक आहे. जाहीर तक्रार मी त्याच रात्री काढून टाकली. स्क्रीनशॉट मात्र कोणी कोणी उतरवून घेतलाय, ते सांगता येत नाही.