आवाज आणि गिटारमधला गढूळपणा: हाय-पास लावायचा की इक्यूने कापायचं?

घरच्या खोलीत एक आवाज आणि एक अकूस्टिक गिटार रेकॉर्ड केली की मिक्स गढूळ होतं. शब्द दबतात, गिटार घुमते. त्यावर कोणी ठरावीक हर्ट्झच्या खालचं सगळं उतरवणारा हाय-पास फिल्टर सुचवतं, कोणी इक्यूने २५० हर्ट्झला खड्डा करायला सांगतं. खरं तर ही दोन हत्यारं दोन वेगवेगळ्या दुखण्यांवरची आहेत. दुखणं कुठलं आहे, हे आधी कानाने ओळखावं लागतं.

त्यासाठी गायक थांबतो त्या जागा ऐका. दोन ओळींच्या मधेही खाली धडधड किंवा घूं-घूं चालूच असेल, तर ती गाण्याची नाही, खोलीची आहे. सोलापूरच्या पूर्व भागात शेजारी यंत्रमाग असला तर त्याचा धक्का जमिनीतून माइकच्या स्टँडमध्ये चढतो. उन्हाळ्यात कूलरची घरघर असते. हे काम हाय-पासचं. उलट थांब्यात शांतता आहे आणि गायला-वाजवायला लागताच चिखल होतो, तर तो आवाजाच्या आणि वाद्याच्या अंगातलाच आहे. तिथे इक्यूने कापावं लागतं.

एक उदाहरण घेऊ. पुरुष गायक, काळी एक, सोबत फक्त गिटार, खोली १० बाय १० फूट. त्याचा मध्य सा सुमारे १३९ हर्ट्झला येतो आणि मंद्र पंचम १०४ला. म्हणजे ८० हर्ट्झच्या खाली त्याच्या गाण्यातलं कामाचं काही नाही. तिथे १२ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह उताराचा हाय-पास लावला की ४० हर्ट्झची धडधड जवळपास १२ डेसिबलने उतरते आणि सा जागच्या जागी राहतो.

चूक होते ती याच्या पुढे. गढूळपणा जात नाही म्हणून तोच फिल्टर ८०वरून २००वर ढकलला जातो. अशा वेळी २५० हर्ट्झचा चिखल जेमतेम दीड डेसिबल कमी होतो, पण सा-चा मूळ स्वर सुमारे ७ डेसिबलने आणि मंद्र पंचमाचा जवळपास १२ने खाली जातो. चिखल आहे तिथेच, आवाज मात्र फोनवरून आल्यासारखा पातळ. हाय-पासची मर्यादा हीच: तो खालचं सगळं घेऊन जातो, मधलं निवडून काढू शकत नाही.

ते निवडून काढणं इक्यूच्या बेल बँडने होतं, म्हणजे एका जागेभोवतीचाच पट्टा वर-खाली करणाऱ्या बँडने. या उदाहरणात सुरुवात गिटारपासून करावी, कारण २०० ते ३५० हर्ट्झमध्ये तिची पाटी घुमते आणि शब्दांची जागा अडवते. बँड ५–६ डेसिबल वर उचलून हळूहळू सरकवा आणि शब्द जिथे सर्वांत जास्त बुडतात तिथे थांबा. त्याहून जास्त उचललं की कुठलीही जागा वाईटच वाटते आणि कान फसतो. ती जागा २२० मिळाली, तर तिथे क्यू, म्हणजे कापाचा अरुंदपणा, १.४ ठेवून ३ डेसिबल कापा. आवाजात ३००च्या आसपास २ डेसिबल बहुतेक पुरतात. हे सगळं दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवतच करा. एकटी ऐकल्यावर किंचित बारीक वाटणारी गिटार आवाजाखाली नेमकी बसते. कापल्यावर पातळी थोडी घटते, ती भरून काढून मगच आधीचं-नंतरचं ताडून पाहा. नाहीतर मोठं तेच चांगलं वाटतं.

गिटारच्या हाय-पासबद्दल मात्र जपून. जाड तार ८२ हर्ट्झला वाजते. बास गिटार नसेल तर खालचा सगळा आधार तिचाच, म्हणून ७०च्या वर जाऊ नये. बास असेल तर १०० ते १२०पर्यंत खुशाल जा. जी कॉर्डवरच घूं होत असेल, तर ९८ हर्ट्झचा खालचा जी आणि गिटारच्या पोटातल्या हवेचा घुमारा एकत्र आलेले असतात. तिथे क्यू ४ची अरुंद कात्री, ३–४ डेसिबल. रुंद कापलं तर शेजारची ११० हर्ट्झची ए तारही दुबळी होते.

आवाजावर हाय-पास आणि मोठे आवाज दाबणारा कंप्रेसर दोन्ही लागणार असतील तर हाय-पास आधी ठेवा. गायक गप्प असताना कंप्रेसरचा काटा हलत असेल, तर यंत्रमागाचा धक्काच त्याला चालवतोय. गायला लागल्यावर मग त्या धक्क्यांसोबत शब्दही वरखाली होतात.

कात्री ६ डेसिबलपर्यंत न्यावी लागली आणि आवाज पोकळ झाला, तर पुन्हा रेकॉर्ड करणंच बरं. गायकाला माइकपासून १० सेंटिमीटरऐवजी २०–२५वर उभं करा, म्हणजे जवळिकीने फुगणारा खालचा भाग उतरतो. गिटारचा माइक भोकासमोरून काढून बाराव्या फ्रेटकडे वळवा. खोलीच्या मधोमध किंवा कोपऱ्यात बसू नका. १० फुटी खोलीत ५६ आणि ११२ हर्ट्झला घुमारा साचतो, आणि लांबी-रुंदी सारखी असल्याने तो दुप्पट जाणवतो.