सात इंची भांडं तीनदा, की दहा इंची ट्रे एकदाच?

घरातल्या सात इंची गोल भांड्यात केक चांगला जमतो, आणि आता पंचवीस माणसांसाठी करायचाय. अशा वेळी दोनच रस्ते असतात. तेच भांडं ओटीजीत तीनदा लावायचं, किंवा दहा इंची चौकोनी ट्रे आणून एकदाच मोकळं व्हायचं. (त्याच भांड्यात दुप्पट मिश्रण ओतायचा तिसरा रस्ता मी धरत नाही. कडा करपतात आणि मध्ये शिरा राहतो.) मी दोन्ही करून पाहिलंय. माझा कल ट्रेकडे आहे, पण तुमच्याकडचा ओटीजी आणि प्रसंग वेगळा असू शकतो.

आमचा नेहमीचा केक बिनअंड्याचा, दह्याचा. सात इंची भांड्याला १८० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम साखर, एक कप दही, अर्धा कप तेल, सव्वा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा. १८० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटांत होतो.

तीन खेपांच्या बाजूने बोलायचं तर प्रमाण, तापमान, वेळ, सगळं पाठ असतं. नवीन काही शिकावं लागत नाही. थर लावून क्रीमचा केक करायचा असेल तर गोल चकत्या हव्यातच, तिथे ट्रेचा विचारही करू नका. पुतणीच्या वाढदिवसाला मी हाच मार्ग धरला. एका मोठ्या पातेल्यात तिप्पट मिश्रण कालवलं, पहिलं भांडं लावलं आणि उरलेलं झाकून ओट्यावर ठेवलं.

माझं मन ट्रेकडे वळलं ते त्या ओट्यावरच्या पातेल्यामुळे. दह्याचा आंबटपणा आणि सोडा एकत्र आले की बुडबुडे लगेच सुटायला लागतात, ते ओटीजीची वाट पाहत नाहीत. पहिला केक नेहमीसारखा फुलला. दुसरा चाळीस मिनिटांनी गेला तेव्हा पातेल्यातल्या वरच्या पृष्ठावर फुटलेल्या बुडबुड्यांची बारीक भोकं दिसत होती. तो बोटभर बुटका निघाला. तिसऱ्याला जवळजवळ दीड तास थांबावं लागलं, आणि तो कापला तेव्हा खाली दाट, चिकटसर पट्टी, ढोकळा फसतो तशी. तरी थोडाफार फुलला, कारण बेकिंग पावडर आपला काही जोर उष्णतेसाठी राखून ठेवते. पाहुण्यांनी काही म्हटलं नाही, पण तिसऱ्या केकचे तुकडे ताटल्यांत अर्धे उरलेले मला दिसत होते.

याला उपाय आहे, नाही असं नाही. कोरडं आणि ओलं वेगवेगळं मोजून ठेवायचं आणि प्रत्येक खेपेला ऐनवेळी कालवायचं. मीही पुढच्या वेळी तसंच केलं आणि केक तिन्ही चांगले झाले. पण तीनदा कालवणं, तीनदा भांडं गार करून पुसून तूप-मैदा लावणं, आणि रात्री साडेअकराला ओटीजीसमोर उभं राहणं हे ज्याला जमतं त्याने जरूर करावं.

ट्रेला मात्र हिशेब लागतो, आणि पहिल्या वेळी मी तिथेच आपटलो. सातावरून दहा म्हणजे साधारण दीडपट, असं घरात सगळ्यांचं मत पडलं, मलाही पटलं. मिश्रण ट्रेमध्ये जेमतेम बोटाच्या एका पेराइतकं पसरलं. पंचविसाव्या मिनिटालाच झालेला तो केक मी चाळिसाव्या मिनिटापर्यंत ठेवला, आणि बाहेर आली ती खारी. चूक अशी की मोजायचा असतो तळ, रुंदी नाही. सात इंची गोल तळ म्हणजे साडेतीन गुणिले साडेतीन गुणिले ३.१४, साधारण साडेअडतीस चौरस इंच. दहा इंची चौकोन म्हणजे शंभर. भागाकार २.६ येतो. आकडे नको असतील तर छोट्या भांड्यात नेहमी मिश्रण जिथवर येतं तिथवर पाणी भरा आणि ट्रेमध्ये तेवढीच उंची येईपर्यंत ओतत राहा. किती वेळा ओतलंत, तितकी पट.

त्या हिशेबाने मैदा ४७० ग्रॅम, साखर ३९०, दही दोन कप आणि वर अर्ध्याहून थोडं जास्त, तेल सव्वा कपाला थोडं जास्त, बेकिंग पावडर सव्वातीन चमचे. सोडा हिशेबाने १.३ चमचा येतो, मी सव्वावर थांबतो. जास्त झाला तर साबणासारखी चव लागते, किंचित कमी पडला तर कळत नाही. अंड्याचा केक असेल तर दोन अंड्यांची पाच धरा.

वेळ मात्र २.६ पट करायची नाही. उष्णता शिरते ती मुख्यतः वरून आणि खालून, म्हणून थराची जाडी तीच असेल तर वेळ थोडीच वाढते. फक्त मधला भाग कडांपासून लांब पडतो. १८० वर ठेवलं तर कोपरे लाल होतात, मध्ये डोंगर येतो आणि त्याला भेग पडते. म्हणून मी १६५ ते १७० च्या मध्ये ठेवतो. आमच्या ओटीजीच्या बटणावर १५० नंतर थेट १८० लिहिलंय, त्यामुळे 'मध्ये' म्हणजे माझा अंदाजच. त्यात माझ्याकडे पंचेचाळीस ते पन्नास मिनिटं लागतात. एवढं गार मिश्रण आत गेल्यावर आच उतरते, म्हणून आधी पंधरा मिनिटं तरी तापवून घ्या. तिसाव्या मिनिटापर्यंत दार उघडायचं नाही. नंतर ट्रे एकदा फिरवतो, कारण आमच्या ओटीजीचा मागचा डावा कोपरा तापट आहे. सुई घालायची ती बरोबर मध्यावर. कडेला चाळिसाव्या मिनिटालाच कोरडी निघते आणि फसवते.

ट्रेचे दोष सांगायलाच हवेत. एवढा मैदा एकदम कालवताना गुठळ्या मोडायच्या नादात जास्त फेटला जातो, मग केक चिवट होतो आणि आत उभे बोगदे दिसतात. मी मैदा दोनदा चाळतो आणि दोन भांड्यांत अर्धा-अर्धा कालवून ट्रेमध्ये एकत्र करतो. दुसरं, ट्रे घेण्याआधी ओटीजी आतून मोजा. चारही बाजूंनी दोन बोटं मोकळी हवीत, नाहीतर गरम हवा वर चढत नाही आणि तळ करपून वरचा भाग फिका राहतो. आणि चारही कोपरे थोडे कोरडे होतातच. ओल्या पंच्याची पट्टी ट्रेभोवती गुंडाळली की फरक पडतो, असा माझा अनुभव आहे.

एक त्रास मात्र मला अजून टाळता आलेला नाही. सात इंची केक ताटलीवर सहज उलटतो, दहा इंची उलटवायला गेलं की मधोमध तडकतो. म्हणून बटर पेपर दोन बाजूंनी बाहेर राहील असा घालतो, पूर्ण गार होऊ देतो आणि ट्रेमध्येच उभ्या-आडव्या चार-चार रेघा मारून दोन इंचांचे पंचवीस चौकोन कापतो. पहिला तुकडा काढताना मोडतो. तो माझा.