एका ऑर्डरचे पैसे दोनदा कापले गेले, आणि परत आले ते वॉलेटमध्ये

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५. दिवाळीचा सेल. एका ऑनलाइन दुकानातून ४,२९९ रुपयांचा मिक्सर यूपीआयने पैसे भरून मागवला गेला. रात्री ९ वाजून १४ मिनिटांनी पिन टाकला, चक्र फिरत राहिलं आणि दुकानाच्या पानावर ‘पेमेंट अयशस्वी’ आलं. ९ वाजून १७ मिनिटांनी ग्राहकाने पुन्हा पिन टाकला, ऑर्डर पक्की झाली. सकाळी खात्यात बघतो तर ४,२९९ दोन वेळा वजा.

जास्तीचे पैसे शेवटी परत मिळाले, पण दुकानाच्या वॉलेटमध्ये. त्याची मुदत ९० दिवस आणि एका बिलात दहा टक्क्यांपर्यंतच वापरायची परवानगी. म्हणजे आपलेच ४,२९९ वसूल करायला तीन महिन्यांत ४२,९९० रुपयांची खरेदी करायची. याला परतावा म्हणत नाहीत. पण ग्राहकाने ‘स्वीकारा’ दाबलं होतं आणि तक्रार ‘निकाली’ निघाली होती.

घोळ पहिल्या मेलपासूनच सुरू झाला. मेल एवढाच होता: ‘माझे पैसे दोनदा कापले, लवकर परत करा.’ सोबत एक स्क्रीनशॉट. उत्तर तासाभरात आलं: ‘आमच्याकडे एकच पेमेंट दिसत आहे. दुसरे अयशस्वी असल्याने बँक ५ ते ७ दिवसांत परत करेल.’

हे उत्तर खोटं असतंच असं नाही. कस्टमर केअरवाला ऑर्डर नंबर टाकून बघतो आणि त्याला ऑर्डरला जोडलेलं एकच पेमेंट दिसतं. ९:१४ चा व्यवहार बँकांमध्ये लटकला, दुकानाच्या पानाने वाट बघणं सोडलं आणि त्याला अयशस्वी ठरवलं. काही मिनिटांनी तो पूर्ण झाला, पैसे दुकानाच्या पेमेंट गेटवेकडे पोहोचले. तोवर ऑर्डर ९:१७ च्या पेमेंटला जोडली गेली होती. पहिले ४,२९९ आता कुठल्याच ऑर्डरचे नाहीत. ते फक्त हिशेब विभागाच्या जमेच्या यादीत दिसतात, आणि ती यादी यूटीआरने, म्हणजे प्रत्येक व्यवहाराला मिळणाऱ्या वेगळ्या नंबरने, शोधावी लागते. मेलमध्ये तो नंबरच नव्हता.

म्हणून पत्र लिहिण्याआधी एकच गोष्ट पक्की करायची: पैसे मध्येच अडकलेत की दुकानाकडे पोहोचलेत?

यूपीआय अ‍ॅपमध्ये दोन्ही नोंदी उघडा. एकीवर अजून ‘प्रलंबित’ किंवा ‘अयशस्वी’ असेल, तर गाठ बँकेशी. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, खात्यातून पैसे गेले पण दुकानाकडे पुष्टी पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप उलटली पाहिजे. त्यापुढे रोजचे १०० रुपये भरपाई. १२ तारखेच्या व्यवहाराला ही मुदत १७ ऑक्टोबरची.

दोन्ही नोंदी ‘यशस्वी’ असतील, तर मात्र बँकेकडे उलटवायला काही उरलेलंच नाही. पैसे दुकानाच्या बाजूला जमा आहेत आणि परत करायचे ते दुकानानेच. या प्रकरणात तसंच होतं; तरीही ‘बँक करेल’ या एका वाक्यावर आठवडा गेला. शंका असेल तर आपल्या बँकेला एवढंच विचारा: ‘या यूटीआरची रक्कम समोरच्या खात्यात जमा झाली का?’ आणि उत्तर लेखी घ्या.

यूटीआर बारा आकडी असतो. एकाच दिवसाच्या दोन व्यवहारांचे सुरुवातीचे आकडे बहुधा सारखेच येतात. इथे दोन्ही ५२८५ ने सुरू होत होते, एकाचा शेवट ०४१७ आणि दुसऱ्याचा ३९०२. घाईत एकच नंबर दोनदा लिहिला जातो, आणि दुकानाला ‘एकच पेमेंट’ म्हणायला आयतं कारण मिळतं. तेव्हा शेवटचे आकडे ताडून बघा, आणि नंबर मेलमध्ये टाइप करा. स्क्रीनशॉट मागाहून जोडा. चित्रातला नंबर कोणी शोधत बसत नाही.

ऑर्डर रद्द करून पैसे मागायचा सल्लाही चॅटवर मिळतो. तो अजिबात ऐकू नका. रद्द केल्यावर परत येतं ते ऑर्डरला जोडलेलं पेमेंट, म्हणजे ९:१७ चं. मिक्सर गेला, ९:१४ चे पैसे तिथेच राहिले, आणि दुकानाच्या नोंदीत मात्र ‘रिफंड दिला’.

पत्र असं हवं:

विषय: ऑर्डर क्र. ____ : एकाच ऑर्डरसाठी दोनदा घेतलेल्या रकमेपैकी ४,२९९ रु. परत करणे

महोदय,
वरील ऑर्डरसाठी माझ्या खात्यातून दि. १२/१०/२०२५ रोजी दोन वेळा रक्कम वजा झाली.
पहिली: रात्री ९:१४, रु. ४,२९९, यूटीआर ____
दुसरी: रात्री ९:१७, रु. ४,२९९, यूटीआर ____
दोन्ही व्यवहार यशस्वी आहेत. ऑर्डर दुसऱ्या व्यवहाराला जोडलेली आहे व ती मला हवी आहे. कृपया रद्द करू नये. पहिल्या व्यवहाराची रक्कम ऑर्डर क्रमांकाने दिसणार नाही. ती पेमेंट गेटवेच्या जमा अहवालात यूटीआरने शोधावी.
ही रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत करावी. वॉलेट, कूपन वा क्रेडिट मला मान्य नाही. परतावा केल्यावर त्याचा यूटीआर कळवावा.
सोबत: खातेउताऱ्याचे संबंधित पान.

खातेउताऱ्यावरचे बाकीचे व्यवहार आणि शिल्लक झाकून टाका. पिन, ओटीपी, कार्डाचा पूर्ण नंबर यांचं या पत्रात काहीच काम नाही. आणि हे सगळं सोशल मीडियावर दुकानाच्या पानाखाली लिहू नका. ऑर्डर नंबर आणि मोबाइल उघड्यावर पडला की ‘रिफंड विभागातून’ भामट्याचा फोन येतो. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की फोन ठेवा.

पत्र कस्टमर केअरला पाठवाच, पण त्याच दिवशी तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही पाठवा. त्याचं नाव, पद आणि संपर्क संकेतस्थळावर देणं ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार बंधनकारक आहे. बहुतेकदा ते पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात सापडतं. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकालात काढायची असते. चॅटमधलं बोलणं खिडकी बंद झाली की गायब होतं, मेलची तारीख राहते. पोच आली नाही किंवा पुन्हा ‘बँक करेल’चंच पालुपद आलं, तर तोच मेल जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवा.

‘रिफंड यशस्वी’ असा मेसेज आला तरी आधी खाते बघा. बँकेने उलटवलेली रक्कम बहुधा मूळ यूटीआरनेच परत दिसते, दुकानाने दिलेल्या परताव्याला स्वतःचा वेगळा नंबर असतो. तो कळवला नसेल किंवा उताऱ्यात सापडत नसेल, तर तक्रार बंद करायच्या बटणाला हात लावू नका.