५५ इंची टीव्हीवर हॉलभर माणसांसोबत मॅच: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या उन्हाळ्यात ५५ इंची फोर-के एलईडी टीव्ही घेतला. तेव्हापासून आयपीएलची फायनल, मग २ नोव्हेंबर २०२५ची महिला वर्ल्ड कप फायनल आणि मधले बरेच सामने आमच्याच हॉलमध्ये झाले. एकट्याने किंवा घरच्यांसोबत बघायला टीव्ही छान आहे. पण आठ-दहा जण आले की तोच टीव्ही वेगळा वागतो, म्हणून हा अनुभव मुख्यतः तेवढ्यापुरताच लिहितोय. माझं ठाम मत असं झालंय की सगळी तयारी सर्वात वाईट जागेवर बसून तपासायची. सोफ्याच्या मधोमध बसणाऱ्याला कसंही छानच दिसतं.

आधी बैठक. आमचा हॉल साधारण १० बाय १६ फुटांचा, टीव्ही आखूड भिंतीवर. एरवी सोफा लांब भिंतीला टेकलेला असतो, म्हणजे मान वळवून बघायचं. माझ्या टीव्हीचं पॅनल व्हीए प्रकारचं आहे. समोरून काळा रंग मस्त गडद दिसतो, पण बाजूला सरकलात की रंग फिके पडतात आणि रात्रीचं आकाश राखाडी होतं. (आयपीएस पॅनलचं नेमकं उलटं: कडेने बरं दिसतं, पण अंधारात काळा तितका गडद नाही.) म्हणून मॅचच्या दिवशी सोफा उचलून टीव्हीच्या समोर ९ फुटांवर लावतो, पुढे ६ फुटांवर गादी आणि लोड, मागे १२ फुटांवर जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या. सगळे रुंदीत न पसरता खोलीत मागे मागे बसले की कडेची जागाच उरत नाही.

गादीवाल्यांची डोकी सोफ्यावरच्यांना आड येत नाहीत. खरी अडचण मागच्या खुर्च्यांची. खुर्ची सोफ्यापेक्षा जेमतेम थोडी उंच, त्यामुळे सोफ्यावरच्या माणसाच्या बरोबर मागे बसलं तर स्क्रीनचा खालचा भाग त्याच्या डोक्याआड जातो. आणि क्रिकेटमध्ये स्कोअरपट्टी असते खालीच. मग मागून दर ओव्हरला "किती झाले रे?" सुरू. उपाय सोपा आहे: खुर्च्या दोन डोक्यांच्या फटीत लावायच्या. मॅचच्या आधी जुन्या सामन्याची क्लिप लावून प्रत्येक खुर्चीत एकदा बसायचं. पट्टीवरचे आकडे वाचता आले नाहीत तर ती जागा हलवायची.

आता पिक्चर मोड, कारण सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले याच बाबतीत मिळतात. नाव ऐकून सगळे स्पोर्ट्स मोड लावतात. माझ्या टीव्हीवर त्यात गवत फ्लोरोसंट हिरवं होतं, खेळपट्टी निळसर दिसते आणि शार्पनेस इतका वाढतो की बॉलभोवती पांढरी कड येते. मी स्टँडर्ड मोड ठेवतो, कलर टेम्परेचर वॉर्मकडे एक पायरी, शार्पनेस अर्ध्याच्या बराच खाली. नॉइज रिडक्शन बंद, कारण चांगल्या एचडी प्रक्षेपणात ते गवताचा बारीक पोत पुसून टाकतं, दुसरं काही करत नाही.

मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल सलग दिसावी म्हणून टीव्हीने मधल्या फ्रेम स्वतः बनवणं, मात्र पूर्ण बंद करू नका. ते दहापैकी दोन-तीनवर ठेवलं तर कॅमेरा बॉलमागे सीमारेषेकडे फिरताना मागच्या जाहिरातींची अक्षरं वाचता येतात. आठ-नऊवर नेलं की टीव्ही अशा फ्रेम फार बनवायला लागतो आणि चुकतो: प्रेक्षकांच्या गर्दीवरून जाणारा बॉल क्षणभर गायब होतो, धावणाऱ्या फील्डरच्या पायांभोवती पाण्यासारखी लहर दिसते. महिला वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये अमनजोत कौरने लॉरा वोल्वार्डचा झेल पकडताना बॉल हातातून पुन्हापुन्हा उडाला आणि शेवटी तिने तो एका हातात धरला, आठवतंय? तसल्या क्षणी बॉलच फुटका दिसला तर मग टीव्हीचा काय उपयोग! आमच्याकडे तो झेल स्वच्छ दिसला आणि अख्खा हॉल उभा राहिला.

एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. आपल्याकडचं क्रिकेटचं प्रक्षेपण ५० हर्ट्झचं असतं, आणि बऱ्याच स्ट्रीमिंग स्टिक ६० हर्ट्झवर सेट होऊन येतात. सेकंदाच्या ५० फ्रेम ६० ठिकाणी बसवायच्या तर दहा फ्रेम दोनदा दाखवाव्या लागतात, म्हणून कॅमेरा फिरताना चित्र बारीक धक्के खातं. लोक इंटरनेटला दोष देतात. पण चित्र स्वच्छ आहे आणि फक्त कॅमेरा फिरतानाच एका लयीत अडखळतंय, तर दोष याचा. स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मूळ फ्रेम रेटशी जुळवण्याचा पर्याय असेल तर तो चालू करा, किंवा थेट ५० हर्ट्झ निवडा.

उजेडाचं म्हणाल तर ती फायनल पावसामुळे दुपारी तीनऐवजी पाचला सुरू झाली. सुरुवातीला खिडकीतून ऊन होतं म्हणून बॅकलाइट नव्वदीच्या घरात आणि पडदे ओढलेले. अंधार पडल्यावर तो साठपर्यंत उतरवला, नाहीतर मध्यरात्रीपर्यंत डोळे दुखतात. पॉवर सेव्हिंग आणि ऑटो ब्राइटनेस आधीच बंद करून ठेवा. कोणी किचनचा दिवा लावला की चित्र उगाच वरखाली होतं.

आवाजासाठी एआरसीने, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर नेणाऱ्या एचडीएमआय पोर्टने जोडलेला छोटा साउंडबार आहे. त्यातला स्टेडियम मोड मी एकदा ऐकून कायमचा सोडला: गर्दीचा घुमारा वाढतो आणि कॉमेंटरी त्यात बुडते. हॉलमध्ये गर्दी करायला आपली माणसं असतातच, त्यामुळे बोलणं स्पष्ट करणारा मोड लावायचा आणि बास कमी. रात्री अकरानंतर खालच्या मजल्यावरच्या काकूंना त्रास होतो तो बासचाच. रिकाम्या हॉलमध्ये ठरवलेला आवाज भरलेल्या हॉलमध्ये कमी पडतो, म्हणून लोक बसल्यावर मागच्या खुर्चीवरून पुन्हा ऐकायचं.

आवाज आणि चित्र जुळतंय का हे मॅचआधीच्या चर्चेत सूत्रसंचालकाच्या ओठांवरून बघा. रिप्लेवरून काही कळत नाही. आवाज आधी येत असेल तर साउंडबारमध्ये डिले वाढवता येतो. आवाज मागे पडत असेल तर डिले वाढवून उपयोग नाही. बहुतेक वेळा ब्लूटूथ कारण असतं, केबल लावली की सुटतं.

ॲपवर बघत असाल तर प्रक्षेपण डीटीएचपेक्षा काही सेकंद तरी मागे असतं. शेजाऱ्याची डिश असेल तर विकेट आधी भिंतीपलीकडून कळते. आम्ही मोठ्या मॅचला सेट-टॉप बॉक्सच लावतो आणि सगळ्यांच्या फोनवरची स्कोअरची नोटिफिकेशन बंद करायला लावतो.

तक्रारी दोनच. पिक्चर सेटिंग प्रत्येक इनपुटला वेगळं साठवलं जातं, त्यामुळे सेट-टॉप बॉक्सवर जमवलेलं सगळं ॲपवर पुन्हा करावं लागतं. शिवाय मधल्या एका सॉफ्टवेअर अपडेटनंतर मोशन स्मूदिंग आपोआप वर गेलं होतं. आता सगळे आकडे कागदावर लिहून टीव्हीच्या मागे चिकटवलेत आणि मॅचच्या आदल्या रात्री ते तपासतो. तुमचा हॉल आडवा असेल आणि माणसं कडेलाच बसणार असतील तर हा टीव्ही घेऊ नका. आयपीएस पॅनलचा बघा, किंवा निदान फिरणारा ब्रॅकेट लावून घ्या.