मॅग्नेशियम, व्हिटॅमिन डी की फिश ऑइल? बीपीसाठी कशावर पैसे घालायचे

बीपी 140 च्या आसपास रेंगाळतं, डॉक्टर गोळी वाढवायचं म्हणतात, आणि घरातल्या कपाटात तीन बाटल्या उभ्या असतात: मॅग्नेशियम, व्हिटॅमिन डी, फिश ऑइल. तिन्हींवर ‘हार्ट हेल्थ’ लिहिलेलं असतं. त्यांतल्या कुठल्या बाटलीने आकडा खाली येतो, हे चाचण्यांमध्ये मोजून झालेलं आहे, आणि तिघांची उत्तरं वेगवेगळी आली आहेत.

सुरुवात एका जुन्या अमेरिकन चाचणीपासून केलेली बरी, कारण तिच्यात वेगवेगळे उपाय एकाच मोजपट्टीवर तपासले गेले. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत 30 ते 54 वयाची 2182 माणसं होती. त्यांचं बीपी थोडं चढलेलं होतं, पण औषधाची वेळ आलेली नव्हती. काहींना वजन कमी करायला लावलं, काहींचं मीठ कमी केलं, काहींना मॅग्नेशियम दिलं, काहींना फिश ऑइल. वजनवाल्यांचं सरासरी 3.9 किलो वजन उतरलं आणि वरचा आकडा 2.9 ने खाली आला. मीठ कमी करणाऱ्यांचा 1.7 ने आला. मॅग्नेशियम आणि फिश ऑइल घेणाऱ्यांनी गोळ्या नेमाने घेतल्या होत्या, तरीही नोंद घेण्याजोगा फरक पडला नाही.

मात्र ही माणसं मुळात जवळपास निरोगी होती. बीपी खरोखर चढलेल्या माणसांत आणि मोठ्या डोसवर काय होतं, हे पुढच्या तीस वर्षांत दिसलं.

मॅग्नेशियम: थोडा फरक, तोही सगळ्यांना नाही

2016 मध्ये 34 चाचण्या एकत्र मोजल्या गेल्या. त्यांत सुमारे दोन हजार माणसं होती. मधला डोस रोज 368 मिग्रॅ आणि मधला काळ तीन महिने. वरचा आकडा 2 ने उतरला, खालचा 1.8 ने. तुलनेसाठी सांगायचं तर बीपीची एक नेहमीची गोळी पूर्ण डोसवर वरचा आकडा साधारण 9 ने उतरवते.

2025 च्या 38 चाचण्यांच्या मोजणीत सरासरी थोडी जास्त, 2.8 आली. खरी गंमत सरासरीच्या आत होती. आधीच बीपीचं औषध घेणाऱ्यांत आणि रक्तात मॅग्नेशियम कमी असलेल्यांत घट याच्या दुपटीहून जास्त दिसली, बाकीच्यांत फारशी नाही. हे गट लहान आहेत, त्यामुळे तेवढ्या मोठ्या आकड्यावर आम्ही पैज लावणार नाही. पण दिशा पटण्यासारखी आहे: तूट असेल तर ती भरून निघते, नसेल तर जादा मॅग्नेशियम लघवीवाटे निघून जातं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2022 मध्ये बाटलीवर ‘मॅग्नेशियमने बीपीचा धोका कमी होऊ शकतो’ असं लिहायला परवानगी दिली, पण पुरावा विसंगत आणि अनिर्णायक आहे हेही सोबत लिहायची अट घातली.

तूट कोणाला असू शकते? क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायाझाइड ही लघवी वाढवणारी औषधं घेणाऱ्यांना (ती बऱ्याचदा बीपीच्या जोडगोळीत दडलेली असतात, पाकिटाची मागची बाजू वाचा), वर्षानुवर्षं रोज सकाळी ॲसिडिटीची पँटोप्रॅझोल गोळी घेणाऱ्यांना आणि साखर ताब्यात नसलेल्या मधुमेहींना. रक्ततपासणीने अर्धंच कळतं. शरीरातल्या मॅग्नेशियमचा जेमतेम एक टक्का रक्तात असतो, त्यामुळे आकडा कमी आला तर तूट नक्की आहे, पण नॉर्मल आला म्हणून ती नाहीच असं म्हणता येत नाही.

आता बाटली हातात घ्या. ‘मॅग्नेशियम ग्लायसिनेट 1000 मिग्रॅ’ असं लिहिलं असेल तर त्यात शुद्ध मॅग्नेशियम सुमारे 140 मिग्रॅच असतं, बाकी वजन ग्लायसिनचं. चाचण्यांतले 368 मिग्रॅ हे शुद्ध, म्हणजे लेबलवरच्या भाषेत ‘एलिमेंटल’, मॅग्नेशियम होतं. ते गाठायला अशा अडीच-तीन गोळ्या लागतील. एखाद्या बाटलीवर 1000 मिग्रॅ ग्लायसिनेटमध्ये 250 मिग्रॅ एलिमेंटल असल्याचा दावा दिसला, तर त्यात स्वस्त ऑक्साइड मिसळलेलं असण्याची शक्यता मोठी. ऑक्साइडमध्ये 60 टक्के मॅग्नेशियम असतं खरं, पण ते कमी शोषलं जातं आणि पोट ढिलं करतं. रोज दोन-तीनदा पातळ शौचाला होऊ लागलं तर डोस जास्त झाला किंवा क्षार बदलायला हवा, असं समजा.

किडनी कमजोर असेल तर मात्र ही गोळी स्वतःहून घेऊ नका. जादा मॅग्नेशियम बाहेर पडायला किडनीशिवाय वाट नाही, ते साचलं की बीपी फार खाली जातं आणि हृदयाचे ठोके मंदावतात. थायरॉइडची गोळी आणि मॅग्नेशियम यांत चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही.

व्हिटॅमिन डी: बीपीसाठी शून्य

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. ज्यांचं डी कमी त्यांचं बीपी जास्त, हे निरीक्षण खरं आहे. पण लठ्ठ माणसाच्या चरबीत डी अडकून राहतं, घरात बसून राहणाऱ्याला ऊन मिळत नाही, आणि या दोघांचंही बीपी त्याच कारणांनी चढतं. डी इथे नुसतं साक्षीदार असतं.

हे तपासायला अमेरिकेतच 534 माणसं निवडली गेली. सगळ्यांचं डी कमी होतं, बीपी किंचित वाढलेलं होतं आणि कोणीही औषधावर नव्हतं, म्हणजे फायदा दिसायचाच तर इथेच दिसायला हवा होता. निम्म्यांना रोज 4000 युनिट दिले, निम्म्यांना 400. सहा महिन्यांनी चोवीस तास दंडाला पट्टा बांधून बीपी मोजलं. मोठ्या डोसवाल्यांचा वरचा आकडा 0.8 ने उतरला, लहान डोसवाल्यांचा 1.6 ने. 2015 मध्ये 46 चाचण्या एकत्र केल्या तेव्हाही घट शून्याच्या आसपासच निघाली.

हाडांसाठी डॉक्टरांनी दिलं असेल तर जरूर घ्या. आपल्याकडची अडचण मात्र 60,000 युनिटच्या पाकिटाची आहे. ते आठवड्यातून एकदा, ठराविक आठवडे घ्यायचं असतं. कोणी ते रोजचं समजून घेतं, कोणी आठ आठवडे संपल्यावरही वर्षभर चालू ठेवतं. मग रक्तातलं कॅल्शियम वाढतं: तोंड कोरडं पडतं, लघवी वारंवार होते, बद्धकोष्ठता आणि मळमळ येते, किडनीला इजा होते आणि बीपी उलट चढू शकतं. क्लोरथॅलिडोनही लघवीतून कॅल्शियम जाऊ देत नाही. म्हणून ही जोडी चालू असेल तर कॅल्शियम अधूनमधून तपासून घ्यावं.

फिश ऑइल: काम करतं, पण कॅप्सूल मोजा

तिघांत सर्वांत भरवशाचा पुरावा याचा आहे. 2022 मध्ये 71 चाचण्या आणि सुमारे पाच हजार माणसं एकत्र मोजली. फिश ऑइलमधली कामाची ओमेगा-3 चरबी म्हणजे ईपीए आणि डीएचए. ती दोन्ही मिळून रोज 2 ते 3 ग्रॅमवर सर्वांत चांगला परिणाम दिसला: सरासरी वरचा आकडा सुमारे 2.6 ने खाली. बीपी आधीच जास्त असलेल्यांत 3 ग्रॅमवर ही घट साडेचारच्या आसपास गेली. त्याहून डोस वाढवला तरी निरोगी माणसांत फायदा वाढला नाही.

पण बाजारातल्या साध्या ‘1000 मिग्रॅ फिश ऑइल’ कॅप्सूलमध्ये बहुधा 180 मिग्रॅ ईपीए आणि 120 मिग्रॅ डीएचए असतं, म्हणजे 300 मिग्रॅ कामाचं आणि बाकी नुसतं तेल. 3 ग्रॅमसाठी रोज दहा कॅप्सूल. साठची बाटली सहा दिवसांत संपेल. रोज एक घेणारा माणूस चाचणीतल्या डोसच्या दहाव्या हिश्शावर असतो, त्याला बीपीत काही दिसणार नाही. ‘ट्रिपल स्ट्रेंथ’ कॅप्सूलमध्ये साधारण 900 मिग्रॅ असतं, तिथे तीन पुरतात. कॉड लिव्हर ऑइलने हा डोस गाठायला जाऊ नका. त्यात व्हिटॅमिन ए असतं, आणि इतक्या कॅप्सूलमधून ते यकृतावर येतं.

दुसरी बाजू हृदयाच्या लयीची. 2021 मध्ये सात मोठ्या चाचण्यांतली 81,210 माणसं एकत्र तपासली, तेव्हा रोज एक ग्रॅमपेक्षा जास्त घेणाऱ्यांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोके वेडेवाकडे पडण्याचा विकार, जवळपास दीडपट आढळला. एक ग्रॅमपर्यंत ही वाढ 12 टक्क्यांची होती. बीपी उतरवणारा डोस नेमका धोक्याच्या बाजूला पडतो. आधी कधी ठोके अनियमित झाले असतील किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर आम्ही हा डोस डॉक्टरांशिवाय सुचवणार नाही. आठवड्यात दोन-तीनदा बांगडा किंवा तारली ताटात येत असेल तर तेवढं ठेवा. तळण्यापेक्षा कालवण बरं, मीठ मात्र बेताचं.

एक उदाहरण मांडून पाहू

समजा 54 वर्षांच्या बाई, टेल्मिसार्टन-क्लोरथॅलिडोनची जोडगोळी आणि पाच वर्षांपासून रोज पँटोप्रॅझोल. घरचं सरासरी बीपी 142/88, रक्तातलं व्हिटॅमिन डी 14 म्हणजे कमी, किडनीची क्रिएटिनिन तपासणी नॉर्मल. डीची कमतरता हाडांसाठी भरून काढावी, बीपीच्या आशेने नाही, आणि कॅल्शियम तपासूनच. मॅग्नेशियम मात्र इथे डॉक्टरांना विचारण्याजोगं आहे, कारण क्लोरथॅलिडोन आणि पँटोप्रॅझोल दोन्ही तूट घडवतात. तपासणीत ते कमी आलं तर एलिमेंटल 300 मिग्रॅच्या आसपास, जेवणानंतर, बारा आठवडे. सोबत पँटोप्रॅझोल अजून हवं का, हेही विचारावं. कधीकधी तीच गोळी बंद होते आणि मॅग्नेशियम आपोआप सुधारतं. फिश ऑइलचा क्रम यानंतर.

फरक पडला का, हे एका सकाळच्या आकड्यावरून ठरवू नका. घरचं बीपी दिवसातच दहा-पंधराने हलतं. सुरू करण्याआधी सात दिवस सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं बसून, एका मिनिटाच्या अंतराने दोन-दोन मोजण्या घ्या. पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी काढा. बारा आठवड्यांनी त्याच यंत्रावर, त्याच दंडावर पुन्हा तसंच. मधल्या काळात डॉक्टरांची गोळी बदलली, वजन उतरलं किंवा पापड-लोणचं सुटलं असेल तर ते वहीत लिहून ठेवा, नाहीतर त्याचं श्रेय बाटलीला जातं. सरासरीत चार-पाचहून कमी फरक निघाला तर तो मोजणीतला हेलकावाही असू शकतो.