‘एचएसई मान्यताप्राप्त’ प्रमाणपत्रांच्या नावाखाली झालेली फसवणूक

ब्रिटनमध्ये लहान व्यवसाय चालवणाऱ्या किंवा अशा ठिकाणी सुरक्षेची कागदपत्रे सांभाळणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहीत आहे. लेस्टरजवळच्या आमच्या खाद्यपदार्थ पॅकिंगच्या कारखान्याला एका प्रशिक्षण संस्थेने फसवले आणि तीच संस्था आता वेगळ्या नावाने इतरांना ईमेल पाठवत आहे.

आमच्या दोन प्रथमोपचारकांच्या प्रमाणपत्रांची मुदत संपत आली होती. त्याच सुमारास आलेल्या ईमेलमध्ये तीन दावे होते. संस्था ‘एचएसई मान्यताप्राप्त’ आहे, ‘फर्स्ट एड अॅट वर्क’चे तीन वर्षांचे नूतनीकरण पूर्णपणे ऑनलाइन होईल, आणि फायर वॉर्डनचे प्रमाणपत्र कायद्याने दरवर्षी नवे करावे लागते, नाहीतर दंड होतो. व्यवस्थापनाने दोघांचे नूतनीकरण आणि चार वॉर्डनचे प्रशिक्षण, असे पैसे एकदम कार्डाने भरले. त्याच संध्याकाळी सहाही प्रमाणपत्रे आली. त्यांतल्या दोघांनी तोवर एकही व्हिडिओ उघडून पाहिला नव्हता.

पुढे एका मोठ्या ग्राहकाच्या वतीने तपासणीसाठी आलेल्या बाईंनी प्रमाणपत्र हातात घेऊन एवढेच विचारले, “प्रात्यक्षिक कुठे झाले आणि प्रशिक्षक कोण होते?” या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते, आणि प्रथमोपचाराची दोन्ही प्रमाणपत्रे त्यांनी अमान्य ठरवली.

त्यानंतर आम्ही एकेक दावा तपासला. एचएसई, म्हणजे ब्रिटनमधील आरोग्य व सुरक्षा कार्यकारी यंत्रणा, १ ऑक्टोबर २०१३ पासून प्रथमोपचार प्रशिक्षण संस्थांना मान्यताच देत नाही. त्या दिवसापासून योग्य संस्था निवडण्याची जबाबदारी मालकावर आली. म्हणून आज जी संस्था स्वतःला एचएसई मान्यताप्राप्त म्हणवते, तिच्याशी पुढे बोलण्याचे कारणच उरत नाही.

दुसरा दावा अधिक घातक होता, कारण त्यात अर्धे सत्य होते. तीन वर्षांची मुदत खरी आहे. परंतु पूर्ण अभ्यासक्रम किमान १८ तासांचा, तीन दिवसांचा असतो. नूतनीकरण १२ तासांचे, दोन दिवसांचे असते. आणि लहान, एका दिवसाचा ‘इमर्जन्सी फर्स्ट एड अॅट वर्क’ हा सहा तासांचा अभ्यासक्रम पुन्हा करायचा तर तोही पूर्णच करावा लागतो. सिद्धान्ताचा भाग ऑनलाइन शिकता येतो, पण छातीवर दाब देणे, बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवणे, घशात अडकलेला घास काढणे ही कामे प्रशिक्षकासमोर, पुतळ्यावर करून दाखवावी लागतात. शिवाय एचएसई दरवर्षी अर्ध्या दिवसाची उजळणी करण्याची शिफारस करते. ती सक्तीची नाही आणि तिने तीन वर्षांची मुदत वाढतही नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण उजळणीच ‘नूतनीकरण’ म्हणून विकणारेही भेटतात.

आमच्या प्रमाणपत्रावर एक पात्रता क्रमांक छापलेला होता. इंग्लंडमधील पात्रतांची अधिकृत नोंदवही ऑफक्वालच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. तिच्यात तो क्रमांक शोधला, तेव्हा तो भलत्याच पात्रतेचा निघाला. ऑफक्वालच्या यादीत नसलेली प्रत्येक संस्था बनावट असते असे मात्र नाही. सेंट जॉन अॅम्ब्युलन्स आणि ब्रिटिश रेड क्रॉससारख्या स्वयंसेवी संस्था आपल्या नावावर प्रमाणपत्र देतात आणि ते चालते. पण क्रमांक छापलेला असेल, तर तो नोंदवहीत त्याच नावाने सापडलाच पाहिजे आणि पात्रता देणाऱ्या मंडळाला विचारल्यास त्या व्यक्तीची नोंदही मिळाली पाहिजे. ही चौकशी पैसे देण्याआधीच करता येते.

वॉर्डनच्या वार्षिक सक्तीचा दावा तर निव्वळ भीती घालणारा होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू असलेल्या २००५ च्या अग्निसुरक्षा आदेशात अशा प्रमाणपत्राची कोणतीही ठरावीक मुदत नाही. कर्मचाऱ्याला कामावर घेताना, धोका बदलल्यावर आणि आवश्यकतेनुसार ठरावीक काळाने प्रशिक्षण द्यावे, आणि ते कामाच्या वेळेत द्यावे, एवढे तो सांगतो. वर्षातून एकदा उजळणी घेणे शहाणपणाचे आहे, पण ती त्या इमारतीच्या अग्निधोक्याच्या मूल्यमापनावर ठरते. आमच्या कारखान्यात कोणता दरवाजा कुठे उघडतो, शीतगृहात काम करणाऱ्याला घंटा ऐकू येते का, एकत्र जमण्याची जागा कोणती, हे कोणताही सर्वसाधारण व्हिडिओ शिकवू शकत नाही.

दोन्ही प्रथमोपचारकांची जुनी मुदत एव्हाना उलटून गेली होती, म्हणून आम्ही त्यांना पुन्हा पूर्ण तीन दिवसांच्या अभ्यासक्रमाला पाठवले आणि मधल्या काळात शेजारच्या गोदामातील प्रशिक्षित व्यक्तीची मदत मिळेल अशी लेखी व्यवस्था केली. मुदत संपण्याच्या तीन महिने आधीच नोंदणी झाली असती, तर दोन दिवसांत काम भागले असते. बँकेकडे पैसे परत मिळण्यासाठी दावा केला असून ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे तक्रारही नोंदवली आहे. बँकेच्या दाव्याचा निकाल अजून लागलेला नाही. चारही वॉर्डनना आता आमच्याच इमारतीत, प्रत्यक्ष घंटा वाजवून आणि सगळे मजले फिरून प्रशिक्षण दिले आहे, आणि त्याची तारीख व सह्या असलेली नोंद आम्ही मूल्यमापनाच्या फाइलला जोडून ठेवली आहे.