18,000 रुपयांत लेव्हल टू: सोलापुरात पंचिंगचे काम करणाऱ्या फ्रीलान्सरचा फसवणुकीचा अनुभव

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आणि शहरातील कितीतरी लहान कारखान्यांत गणवेश शिवले जातात. त्यांच्या खिशावरचे बोधचिन्ह कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीच्या यंत्रावर भरले जाते. चित्रावरून यंत्राला वाचता येईल अशी टाक्यांची फाइल तयार करणे, म्हणजे पंचिंग, हा माझा व्यवसाय आहे. स्थानिक कारखान्यांचे काम हंगामी असते, म्हणून मी गेली काही वर्षे परदेशी ग्राहकांसाठी एका ऑनलाइन मार्केटप्लेसवरही हेच काम करते. तिथे विक्रेत्याला कामगिरीवरून पातळी, म्हणजे लेव्हल, मिळते. माझी लेव्हल वन होती, अभिप्राय चांगले होते आणि छातीवरच्या साध्या लोगोला 15 डॉलर मिळत होते. मात्र नव्या ग्राहकांची संख्या बराच काळ वाढत नव्हती. या टप्प्यावर असलेल्या फ्रीलान्सरलाच गाठणारी एक टोळी आहे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

सात रस्त्याजवळ पहिल्या मजल्यावर कार्यालय थाटलेल्या एका इसमाशी ओळखीतून गाठ पडली. तो फ्रीलान्सरांची प्रोफाइल वाढवून देण्याचे काम करत असे. त्याचे म्हणणे असे होते : “मॅडम, तुमच्या कामात काही कमी नाही, कमी आहे ती लेव्हल. लेव्हल टूचा बॅज लागला की दर दुप्पट करा, ग्राहक स्वतःहून येतील. आमचे परदेशातले ग्राहक आहेत, ते आधी तुमच्याकडे वळवतो आणि बरोबरीने जाहिरात चालवतो.” यासाठी त्याने 18,000 रुपये यूपीआयवर घेतले. जाहिरातीचा खर्च माझ्या कार्डातून वेगळा जायचा होता. शीर्षक आणि टॅग सुधारण्यासाठी लॉगिन लागेल, असे सांगून त्याने तेही घेतले.

त्याने जे विकले ते विकता येण्यासारखेच नव्हते, हे साध्या हिशेबाने सिद्ध होते. माझी तक्रार कोणत्याही मार्केटप्लेसविरुद्ध नाही, म्हणून माझे खाते कुठे होते ते लिहीत नाही. पण नियम समजण्यासाठी फायव्हर या मार्केटप्लेसचे जाहीर उदाहरण घेऊ. तिथे 2024 मध्ये लेव्हलची पद्धत बदलली. लेव्हल टूसाठी इतर निकषांबरोबर निदान 20 ऑर्डरी, 10 वेगवेगळे ग्राहक आणि 2,000 डॉलरची कमाई लागते. शिवाय ग्राहकांच्या समाधानावरून ठरणारा सक्सेस स्कोअर आणि सरासरी रेटिंगही पाहिले जाते. विक्रेत्याच्या प्रत्येक ऑर्डरमधून 20 टक्के कमिशन कापले जाते. आता समजा, कोणी खोट्या ऑर्डरी टाकून शून्यापासून ही पातळी गाठायची ठरवली, तर 2,000 डॉलरवर निव्वळ कमिशनच 400 डॉलर होईल. डॉलर 85 रुपयांचा धरला तरी ते 34,000 रुपये झाले, आणि खरेदीदाराला वर द्यावे लागणारे सेवाशुल्क यात धरलेलेच नाही. म्हणजे 18,000 रुपयांत लेव्हल टू देतो म्हणणारा माणूस प्रामाणिक मार्गाने तर ती देऊ शकत नाहीच, लबाडीनेही देऊ शकत नाही. अर्ध्या वाटेवर काम सोडण्याचा त्याचा बेत भाव सांगतानाच ठरलेला असतो.

त्याने वळवलेले ग्राहक लवकरच येऊ लागले. एकूण सहा ऑर्डरी आल्या, आणि त्यांत जे आढळले ते माझ्या व्यवसायातल्या कोणालाही ओळखता येईल. खरा ग्राहक कापड कोणते ते पहिल्याच निरोपात सांगतो, कारण पोलो टी-शर्टचे पिके कापड ताणले जाते, टोपी वाकडी असते आणि टॉवेलच्या लूपमध्ये टाके बुडतात. प्रत्येकासाठी आतला आधाराचा टाका आणि टाक्याची दाटी वेगळी ठेवावी लागते. तो रुंदी इंचांत देतो आणि यंत्रानुसार .DST किंवा .PES फाइल मागतो. फाइल मिळाल्यावर कापडावर नमुना काढून त्याचा फोटो पाठवतो, आणि बहुतेक वेळा एखादे अक्षर मिटते किंवा कडेला फट राहते म्हणून एक दुरुस्ती तरी मागतो. या सहा जणांपैकी एकानेही कापड सांगितले नाही. एकाने तर पाठवलेला लोगो इतका धूसर होता की अक्षरे वाचता येत नव्हती, आणि स्पष्ट चित्र मागितल्यावर “तुम्हाला योग्य वाटेल तसे करा” एवढेच उत्तर आले. फाइल दिल्यानंतर काही मिनिटांत, कापडावर काहीही न काढता, पाच तारे आणि “उत्तम काम, जलद सेवा” एवढाच अभिप्राय पडत होता. पंचिंगच्या फाइलचे कौतुक ती भरून पाहिल्याशिवाय करता येत नाही. असा अभिप्राय कोणाच्याही प्रोफाइलवर दिसला तर तो संशयास्पदच समजावा.

मी त्याला विचारले तेव्हा “एजन्सीवाले ग्राहक असेच असतात” असे उत्तर मिळाले. प्रत्यक्षात त्या 90 डॉलरच्या, म्हणजे सुमारे 7,650 रुपयांच्या ऑर्डरी माझ्याच 18,000 रुपयांतून टाकलेल्या होत्या. माझाच पैसा कमिशन कापून माझ्या खात्यात येत होता, आणि त्यासाठी सहा फाइलींचे काम मात्र मी खरे केले होते. ती रक्कम काढण्याजोगी होण्यापूर्वीच मार्केटप्लेसने खरेदीदारांची खाती बंद केली, ऑर्डरी रद्द झाल्या, अभिप्राय पुसले गेले आणि माझ्या खात्यावर ताकीद नोंदली गेली. पुढे लेव्हल वनही गेली. ठरावीक कालावधीतल्या रद्द ऑर्डरी मोजल्या जातात, आणि त्या कोणाच्या दोषाने रद्द झाल्या याचा खुलासा ऐकायला तिथे कोणी बसलेले नसते.

दुसरा भाग जाहिरातीचा, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण जाहिरात ही स्वतः लबाडी नाही. मार्केटप्लेसची सशुल्क जाहिरात कायदेशीर असते. तिच्यात प्रश्न फक्त परवडते की नाही एवढाच असतो. या गृहस्थाने माझ्या शीर्षकातले एम्ब्रॉयडरी डिजिटायझिंग, म्हणजेच पंचिंग, मागे ढकलून “लोगो डिझाइन” पुढे आणले आणि टॅगही तसेच बदलले. जाहिरात कोणत्या शोधावर दाखवायची हे शीर्षक आणि टॅगवरून ठरत असल्यामुळे ती आता नवा लोगो काढून हवा असलेल्यांना दिसू लागली. अशा लोकांची संख्या प्रचंड आहे. त्यांनी क्लिक केले, पंचिंगचे दर पाहिले आणि ते निघून गेले. प्रत्येक क्लिकचे पैसे माझ्या कार्डातून जात राहिले. ती रक्कम 7,000 रुपयांच्या पुढे गेली. दर आठवड्याला तो व्हॉट्सॲपवर आलेख पाठवत असे, “बघा मॅडम, इंप्रेशन दहापट!” इंप्रेशन म्हणजे जाहिरात किती वेळा दिसली तो आकडा. चित्र नेहमी उजवीकडून कापलेले असे. माझ्या स्क्रीनवर तोच तक्ता उघडल्यावर कळले की कापलेल्या भागात ऑर्डरींचा रकाना होता, आणि त्यात शून्य होते.

जाहिरात परवडते का, हे इंप्रेशनवरून कधीच कळत नाही. माझे आकडे धरून पाहू. 15 डॉलरच्या ऑर्डरमधून 20 टक्के गेल्यावर 12 हातात येतात. टॅग बिघडण्यापूर्वी माझ्या पानावर येणाऱ्या 100 जणांमागे साधारण 4 ऑर्डरी होत असत. क्लिकचा दर 60 सेंट असेल तर 100 क्लिकचे 60 डॉलर होतात, आणि 4 ऑर्डरींतून हाती येतात 48. म्हणजे काम करून वर 12 डॉलरचे नुकसान. एवढ्यावरच हिशेब थांबवला तर जाहिरात बंद करणे योग्य ठरेल, पण पंचिंगचा धंदा एवढ्यावर थांबत नाही. परदेशातल्या टी-शर्ट छपाईवाल्याला विश्वासाचा पंचिंग करणारा मिळाला की तो आपल्या पुढच्या गिऱ्हाइकांचे लोगोही त्याच्याकडेच पाठवतो. त्या चौघांपैकी एक जरी सहा महिने, महिन्याला दोन लोगो देत राहिला, तर आणखी 12 ऑर्डरींचे 144 डॉलर येतात. एकूण 192 मधून जाहिरातीचे 60 वजा केले तर 16 फाइलींमागे 132 डॉलर उरतात, म्हणजे फाइलमागे सव्वाआठ डॉलर. हा दर तुमच्या वेळेला पुरतो की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. मला तो मंदीच्या महिन्यांत पुरतो आणि शाळा सुरू होण्याच्या हंगामात पुरत नाही, कारण तेव्हा सोलापुरातलेच काम हातात असते. ज्यांचे काम एकदाच लागते, उदाहरणार्थ लग्नपत्रिका किंवा बायोडाटा, त्यांच्याकडे परतणारा ग्राहकच नसतो, म्हणून त्यांना पहिल्या ऑर्डरमध्येच जाहिरातीचा खर्च भरून काढावा लागेल.

बॅजचे मोलही याच मोजमापाने पाहावे. फायव्हरवर लेव्हल वाढली तरी 20 टक्के कमिशन कमी होत नाही. माझ्या दृष्टीने मुख्य फायदा हा, की लेव्हलची चाळणी लावून शोधणाऱ्या खरेदीदाराच्या यादीत तुम्ही टिकता. हा फायदा खरा आहे, विशेषतः मोठे काम देणारे ग्राहक अशी चाळणी वापरत असतील तर; मात्र तो खऱ्या ऑर्डरी करता करता आपोआप मिळतो, त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. अपवर्क या दुसऱ्या मार्केटप्लेसवरही टॉप रेटेड बॅज विकत मिळत नाही, त्याला जॉब सक्सेस स्कोअर 90 टक्के किंवा अधिक लागतो. तिथे पैसे लागतात ते प्रस्ताव पाठवण्यासाठी खर्च कराव्या लागणाऱ्या कनेक्ट्स नावाच्या टोकनांना, आणि प्रस्ताव यादीत वर दिसावा म्हणून त्याच कनेक्ट्सची वाढीव बोली लावता येते. मी कनेक्ट्सचा विचार करताना काम देणाऱ्या ग्राहकाने यापूर्वी दिलेल्या कामांपैकी किती कामांवर खरोखर कोणाला नेमले, हा त्याच्या माहितीत दिसणारा टक्का आधी पाहते. जो कधीच कोणाला नेमत नाही, त्याच्या यादीत पहिल्या क्रमांकावर असूनही हाती काही लागत नाही.

पैसे मागितल्यावर त्या इसमाने आधी फोन उचलणे बंद केले आणि मग “सेवा तर दिली” असा निरोप पाठवला. आर्थिक फसवणुकीसाठी 1930 ही हेल्पलाइन आणि cybercrime.gov.in हे संकेतस्थळ आहे. तिथे जितक्या लवकर तक्रार जाईल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. माझ्या बाबतीत बराच वेळ गेला होता. याशिवाय जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. व्यवसायासाठी घेतलेली सेवा म्हणून तक्रार चालणार नाही, असे मला एकाने सांगितले होते. हा मुद्दा वकिलांकडून तपासून घ्यावा, कारण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानलेली नाही, पण त्या सवलतीत सेवेचा स्पष्ट उल्लेख नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. माझ्या कागदपत्रांत अडचण निघाली ती पावतीची. तिच्यावर फक्त “डिजिटल मार्केटिंग सेवा” असे लिहिले आहे, लेव्हलचा, ग्राहकांचा किंवा मुदतीचा उल्लेख नाही. त्यामुळे त्याने नेमके कशाचे वचन दिले होते हे दाखवण्यासाठी आता व्हॉट्सॲपवरच्या ध्वनिफिती आणि कापलेले तक्ते एवढाच आधार आहे. ते सर्व मी मूळ फोनमध्ये जपून ठेवले असून त्यांची तारीखवार यादी वकिलांकडे दिली आहे.